प्रिंटर मध्येच का थांबतो?

दीडशे पानांचं काम प्रिंटरला दिलेलं असतं. पहिली तीस-चाळीस पानं भराभर बाहेर पडतात. मग दोन पानांमधला वेळ वाढायला लागतो. आधी चार सेकंदांनी येणारं पान आठ सेकंदांनी येतं, नंतर बारा सेकंदांनी, आणि एका क्षणी प्रिंटर गप्प होतो. आतला पंखा फिरत असतो, दिवा लुकलुकत असतो, पण कागद हलत नाही. कागद अडकलेला नाही, टोनर संपलेला नाही, संगणकावरही तक्रार दिसत नाही. समोरचा माणूस बटणं दाबतो, काम रद्द करून पुन्हा देतो, शेवटी स्विच बंद करतो. त्या वेळी नेमकं हेच करायचं नसतं. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, ते स्वतःला थंड करून घेत असतं. त्याला थंड व्हायची गरज का पडते हे समजलं की पुढची बरीच कामं अर्ध्या वेळात होतात.

यात लेझरचा दोष नाही. लेझरची ताकद जेमतेम काही मिलिवॉट असते आणि तिने कागद तापत नाही. लेझर ड्रमवर अक्षरांचा विद्युतभारित ठसा उमटवतो, त्या ठशाला टोनरची काळी पूड चिकटते आणि ड्रमवरून ती कागदावर उतरते. इथपर्यंत ती कागदावर नुसती पडलेली असते, बोट फिरवलं तर पुसली जाईल. तिला कायमचं चिकटवण्याचं काम शेवटच्या टप्प्यावर फ्यूजर करतो. फ्यूजर म्हणजे एकमेकांवर दाबून बसवलेले दोन रूळ. त्यातला एक साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. टोनर ही मुळात प्लास्टिकची पूड असल्यामुळे या दोन रुळांमधून जाताना ती वितळते आणि कागदाच्या तंतूंमध्ये मुरते.

प्रिंटरची खरी अडचण याच प्लास्टिकमध्ये आहे. कागदावर आल्यावर ते पटकन वितळायला हवं, नाहीतर अक्षर चिकटणार नाही. तेच प्लास्टिक कार्ट्रिजमध्ये असताना मात्र कोरडं, मोकळं आणि भुरभुरीत राहायला हवं. टोनरच्या पुडीला साधारण ५५ ते ६५ अंशांच्या आसपास मऊपणा येऊ लागतो. त्याच्याही थोडं आधी, पन्नासच्या घरात तापमान बराच वेळ राहिलं, तर कण एकमेकांना धरू लागतात आणि गुठळ्या होतात. छोट्या प्रिंटरमध्ये दोनशे अंशांचा फ्यूजर आणि पन्नास अंश न सोसणारं कार्ट्रिज यांच्यात अंतर असतं फार तर वीतभर. प्रिंटर बनवणाऱ्यांची निम्मी अक्कल या वीतभर जागेत उष्णता इकडून तिकडे जाऊ न देण्यात खर्च होते, असं म्हटलं तर ते फारसं वावगं ठरणार नाही.

ही उष्णता जाते कुठे, याचा ढोबळ हिशेब करता येतो. ८० ग्रॅम वजनी कागदाचा ए-४ आकाराचा एक ताव बरोबर ५ ग्रॅम भरतो. त्यात शेकडा पाच भाग ओलावा धरला तर पाव ग्रॅम पाणी झालं. ते पाणी वाफ होऊन उडायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते, जेवढी कोरडा कागद तापवायला लागते. दोन्ही मिळून एका पानामागे सुमारे १ किलोज्यूल होतात. मिनिटाला १४ पानं काढणाऱ्या यंत्रात कागदच सव्वादोनशे वॉटच्या आसपास उष्णता उचलून बाहेर नेत असतो. अशा छोट्या यंत्राचा छपाईच्या वेळचा वीजवापरही अडीचशे वॉटच्या आसपास असतो. म्हणजे फ्यूजरची बरीचशी उष्णता पंखा काढत नाही, कागद काढतो. पावसाळ्यात दमट रिममधली पहिली पानं बाहेर येताना जो धुरासारखा पांढरा झोत दिसतो, तो धूर नसून हीच वाफ असते. कागदाचं हे काम एकदा लक्षात आलं की पुढचा मुद्दा सोपा होतो: जिथे कागद पोहोचत नाही, तिथली उष्णता आतच राहते.

लहान प्रिंटरमधला फ्यूजर जुन्या यंत्रांपेक्षा वेगळा आहे. पूर्वी पोकळ ॲल्युमिनियमच्या जाड रुळात हॅलोजनचा दिवा असायचा. तो रूळ तापायला वेळ घ्यायचा आणि यंत्र चालू केल्यावर बराच वेळ थांबावं लागायचं. १९९०च्या दशकात पातळ फिल्मचे फ्यूजर रुळले. यात सिरॅमिकची एक अरुंद पट्टी असते आणि तिच्यावरून उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची पातळ नळी फिरते. खाली सिलिकॉन रबराचा दाबरूळ असतो. पट्टी काही सेकंदांत तापते, म्हणून आजचे प्रिंटर झोपेतून उठून लगेच पहिलं पान देतात. मात्र जाड ॲल्युमिनियमचा एक गुण या रचनेत हरवला. धातू एका जागेची उष्णता आजूबाजूला पसरवून टाकायचा, पातळ फिल्मला ते जमत नाही.

पट्टीची लांबी पूर्ण कागदाच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे २१६ मिलिमीटर, आणि ती पूर्ण लांबीभर सारखीच तापते. तिच्यातून आता ए-५ कागद उभा घातला, तर त्याची रुंदी १४८ मिलिमीटरच असते. कागद मधोमध जात असेल तर दोन्ही बाजूंना ३४-३४ मिलिमीटर पट्टी उघडी राहते. मधला भाग कागद थंड करत राहतो. तापमान मोजणारा मुख्य संवेदक मध्यभागी असल्यामुळे तो तिथे उष्णता कमी पडल्याचं सांगतो आणि यंत्र आणखी वीज सोडतं. ती वीज कडांनाही मिळते, पण कडांची उष्णता न्यायला तिथे कागदच नसतो. मोठ्या तव्यावर लहान भाकरी टाकली की भाकरीखालचा तवा बेताचा राहतो आणि उघडी कड धुरायला लागते, तसंच हे होतं. मध्ये १९० अंश असताना कडा सव्वादोनशेच्या पुढे जाऊ शकतात. सिलिकॉन रबर साधारण २३० अंशांच्या वर सतत राहिलं तर लवकर खराब होतं, फिल्म कडेला सुरकुतते आणि फाटते. म्हणून पट्टीच्या टोकाजवळ आणखी एक संवेदक बसवलेला असतो. त्याने इशारा दिला की यंत्र मंदावतं.

मंदावतं म्हणजे काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. बहुतेक लहान यंत्रांत मोटरचा वेग कमी होत नाही. ड्रम, लेझरचा फिरता आरसा आणि कागद ओढणारे रूळ यांची गती एकमेकांशी जुळवलेली असते, त्यामुळे ती सहसा बदलली जात नाही. यंत्र दोन कागदांमधलं अंतर वाढवतं. त्या रिकाम्या वेळात फ्यूजर नुसता फिरत राहतो, पट्टीची वीज कमी होते आणि कडांची उष्णता दाबरुळात व हवेत पसरते. प्रत्येक कागद त्याच वेगाने जातो, फक्त पुढचा कागद उशिरा निघतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर यंत्र पूर्ण थांबतं. ब्रदरच्या प्रिंटरच्या पडद्यावर अशा वेळी `Cooling Down` अशी सूचना येते. पडदा नसलेल्या यंत्रावर फक्त दिवा लुकलुकतो, आणि गैरसमज बहुतेक तिथेच होतो.

एक उदाहरण घेऊ. अकोल्यात एप्रिल महिन्यात एका शिकवणी वर्गाला रविवारच्या सरावासाठी ए-५ आकाराच्या ६०० प्रश्नपत्रिका हव्या आहेत, एका बाजूने छापलेल्या. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, आपल्याकडच्या दुकानांत आणि छोट्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं दिसणारं यंत्र. मिनिटाला १४ पानं हा त्याचा ए-४चा छापील वेग. कंपनीने वापरासाठी सांगितलेलं खोलीचं तापमान १० ते ३२.५ अंश. दुपारी दोन वाजता बाहेर ४२ आहे आणि कूलर नसलेल्या खोलीत ३८.

वर्गातला कारकून ए-५ कागद उभे घालून ६००चा आदेश देतो. सुरुवातीची काही पानं झपाट्याने येतात, मग कडांचा संवेदक बोलतो आणि वेग मिनिटाला चार-पाच पानांवर येतो. एकूण वेळ दोन तासांहून जास्त होतो. खोलीच ३८ अंशांची असल्यामुळे कार्ट्रिजचीही अडचण होते. यंत्राचं आतलं वातावरण खोलीपेक्षा पंधरा अंशांनी गरम राहतं असं धरलं, तर २५ अंशांच्या खोलीत कार्ट्रिजभोवती ४० अंश असतील. इथे ते ५३ होतात, आणि मऊ पडायच्या रेषेला टोनर तिथे जाऊन भिडतो. त्यात रिफिल केलेल्या कार्ट्रिजमध्ये हलक्या प्रतीची पूड असेल तर ती आणखी लवकर गुठळ्या धरते. मग पानावर उभ्या फिकट रेघा येतात. कार्ट्रिज काढून हलवलं की जरा बरं होतं, आणि दहा पानांनी रेघा परत येतात.

आता हेच काम वेगळ्या रीतीने करू. ए-४च्या एका तावावर तीच प्रश्नपत्रिका दोनदा शेजारी-शेजारी बसवायची. ६०० प्रतींसाठी ३०० ताव लागतात. कागद पट्टीची जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापतो, कडा उघड्या राहत नाहीत आणि यंत्राला अंतर वाढवायचं मुख्य कारणच उरत नाही. मिनिटाला १४ या वेगाने ३०० ताव २१-२२ मिनिटांत होतात. या प्रिंटरच्या ट्रेमध्ये १५० कागद मावतात, तेव्हा काम आपोआप दोन भागांत पडतं. पहिले दीडशे झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि झाकणावरचा गरम गठ्ठा उचलून बाजूला ठेवायचा. हे काम दुपारी न करता सकाळी आठला केलं तर खोलीचे सात-आठ अंशही वाचतात. सगळा गठ्ठा शेवटी बाइंडिंगच्या दुकानात नेऊन कटिंग मशीनवर मधोमध कापून घ्यायचा. विश्रांतीसकट छपाई जेमतेम अर्ध्या तासाची. मला हा उपाय सगळ्यांत खात्रीचा वाटतो, कारण यंत्राची रचना ज्या रुंदीसाठी केली आहे तीच त्याला मिळते.

लग्नपत्रिकांच्या पाकिटांना मात्र कापण्याचा उपाय नाही. पाकीट अरुंद असतं आणि वर जाडही असतं, म्हणून जास्त उष्णता मागतं. तिथे हळू वेग मान्यच करावा लागतो. पण क्रम पाळला तर बरंच साधतं. पत्रं आणि पाकिटं दोन्ही छापायची असतील तर सगळी पत्रं आधी आणि पाकिटं शेवटी छापावीत. आधी पाकिटं गेली तर कडा तापलेल्या राहतात. त्यावर लगेच ए-४ कागद आला की त्याच्या दोन्ही समासांतला टोनर जास्त वितळून फिल्मला चिकटतो आणि खाली पुन्हा डागासारखा उमटतो. हे टाळायला यंत्र दर बदलाला थांबतं. एक पत्र, एक पाकीट, एक पत्र असं मेल-मर्ज केलं तर प्रिंटर छापण्यापेक्षा जास्त वेळ वाट पाहण्यात घालवतो.

वेग मिळवायला काही जण पाकिटं घालून ड्रायव्हरमध्ये कागद ए-४ असल्याचं सांगतात. काही यंत्रं लांबी मोजून फसवणूक पकडतात, काही पकडत नाहीत. न पकडणाऱ्या यंत्रात सगळा भरवसा कडेच्या एका संवेदकावर उरतो आणि फिल्म कडांना जळते. उलट चूकही सर्रास दिसते. एकदा जाड कागदासाठी निवडलेला `Heavy` किंवा `Thick` पर्याय तसाच राहतो आणि पुढची साधी पानंही फ्यूजर जास्त तापवून, सावकाश निघत राहतात. वेग अचानक कायमचा उतरला असेल तर आधी ही खूण पाहावी.

दोन्ही बाजूंनी छापताना उष्णता वेगळ्या वाटेने येते. पहिली बाजू छापून तापलेला कागद बाहेर न जाता वळून पुन्हा यंत्रात शिरतो आणि कार्ट्रिजच्या खालून जातो. बाहेर जायची उष्णता आत परत येते, तीही नेमकी नको त्या जागी. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल दोन्ही बाजूंनी शे-दोनशे प्रतींत काढताना प्रिंटर शंभरेक पानांनंतर धापा टाकू लागतो, तो यामुळे. अशा कामाचे पन्नास-पन्नास प्रतींचे तुकडे करावेत आणि बाहेर पडलेला गठ्ठा लगेच उचलावा. गरम गठ्ठा दाबून ठेवला तर समोरासमोरची पानं टोनरने एकमेकांना चिकटतात, ही आणखी वेगळी कटकट.

थांबणं उष्णतेमुळे आहे की दुसऱ्या कशामुळे, हे ओळखायला फार कौशल्य लागत नाही. उष्णतेचा थांबा सुरुवातीला कधीच येत नाही. आधी पूर्ण वेग, मग सारखं वाढत जाणारं अंतर, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर पुन्हा पूर्ण वेग, असा त्याचा नेम असतो. पहिल्या पानापासूनच अडखळत असेल, आणि तेही फोटो किंवा नकाशा असलेल्या पानांवर, तर संगणकाकडून माहिती यायला उशीर होतो आहे. खात्री करायची असेल तर त्यातलं सगळ्यांत जड पान दहा प्रतींत छापून पाहावं. पहिली प्रत उशिरा आणि बाकीच्या नऊ भराभर आल्या, तर दोष माहितीचा. रंगीत प्रिंटर मधूनमधून एक-दोन मिनिटं खडखडत थांबतात आणि पडद्यावर `Calibrating` येतं. ते रंगांचं प्रमाण जुळवून घेणं आहे, त्याचा उष्णतेशी संबंध नाही.

पूर्वी दोनशे पानं सलग देणारा प्रिंटर त्याच खोलीत, त्याच कागदावर चाळीस पानांतच थांबू लागला असेल तर ते नेहमीचं मंदावणं समजू नये. पंखा फिरतो का ते हात लावून पाहावं, झरोक्यांवरची धूळ काढावी, यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं. पंखा ठीक असूनही फरक नसेल तर संशय फ्यूजरवर जातो. फिल्म आणि पट्टीच्या मधलं वंगण सुकलं की छपाईच्या वेळी चिरचिर ऐकू येते आणि फिल्म ओढून फाटते. एचपीच्या लेझरजेटवर ५०ने सुरू होणारे संदेश फ्यूजरचे असतात: `50.1` म्हणजे तो पुरेसा तापत नाही, `50.3` म्हणजे प्रमाणाबाहेर तापला. `50.3` दिसल्यावर यंत्र बंद करून थंड होऊ द्यावं, आणि पुन्हा तोच संदेश आला तर काम थांबवून कारागिराला बोलवावं. साध्या थंड होण्याच्या वेळी मात्र स्विच बंद करू नये. पंखा थांबतो, फ्यूजरची उष्णता वर चढून कार्ट्रिजपर्यंत जाते, आणि जे टाळायला यंत्र थांबलं होतं तेच घडतं.

राहिला मासिक मर्यादेचा प्रश्न. माहितीपत्रकावर ‘ड्युटी सायकल’ म्हणून एक आकडा असतो. पुष्कळांना वाटतं की तो ओलांडला म्हणून प्रिंटर थांबला. तसं होत नाही. यंत्राला आतलं तापमान कळतं, पण महिन्याचा हिशेब करून ते छपाई अडवत नाही. तो आकडा रूळ, दात्यांची चाकं, कागद उचलणारं रबर आणि फ्यूजर यांनी एका महिन्यात जास्तीत जास्त किती सोसावं, हे सांगतो. लेझरजेट १०२०साठी तो ५,००० पानं आहे. मिनिटाला १४ने भागला तर सहा तास होतात. अख्ख्या महिन्यात सहा तास सलग चालणं, एवढीच त्या यंत्राची कमाल. त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या लेझरजेट प्रो एम४०४डीएनचा आकडा ८०,०००चा आहे आणि वेग मिनिटाला ३८ पानं, म्हणजे पस्तीस तास. पण त्याच पत्रकात शिफारस केलेली मासिक छपाई ७५० ते ४,००० पानांची आहे, आणि ४,००० पानं ते यंत्र पावणेदोन तासांत काढतं. प्रिंटर घेताना दुकानदार ८०,०००चा आकडा दाखवतो. विचारायला हवा तो दुसरा, लहान आकडा.

छापील वेगालाही हेच लागू होतं. वेगाच्या चाचण्या काही मिनिटांच्या असतात आणि तेवढ्यात यंत्र पुरतं तापत नाही. मिनिटाला ३८ हा वेग खरा आहे, पण तो पहिल्या काही मिनिटांचा. त्याला साठने गुणून तासाची पानं काढली तर हिशेब चुकतो. रोज हजारभर पानं सलग काढायची असतील, तर जाड रुळाचा आणि मधल्या भागासाठी व कडांसाठी वेगवेगळे दिवे असलेला मोठा कॉपियर घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानात तसाच असतो, आणि तो ए-५लाही सहजी दमत नाही.

अकोल्याच्या त्या वर्गाचा महिन्याचा हिशेब पाहिला तर चार रविवारच्या ६००-६०० प्रश्नपत्रिका ए-५वर २,४०० फेऱ्या मागतात, ५,०००च्या जवळजवळ निम्म्या. त्याच ए-४वर दोन-दोन छापल्या तर १,२०० फेऱ्या होतात. उरलेल्या फेऱ्यांत वर्गाच्या नोट्स, पावत्या आणि परीक्षेच्या आधीची घाई त्याच यंत्रावर भागते.